शेजारणीची शुगरची गोळी: एका संकष्टीचं प्रकरण

डॉक्टरांनी एकाला लिहून दिलेलं औषध दुसऱ्याने का घेऊ नये, हे गावच्या आरोग्य सभेत सांगायचं तर नुसतं "घेऊ नका" म्हणून भागत नाही. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन डब्यातली गोळी काढून देतात. म्हणून सभेत सांगता येईल असं एक प्रकरण इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडलं आहे. यातल्या दोघी म्हणजे गावातल्या कुणी ठरावीक बायका नव्हेत, समजावण्यासाठी उभ्या केलेल्या आहेत. गोळीचं प्रमाण, साखरेचे आकडे आणि घटनांचा क्रम मात्र असं झाल्यावर दवाखान्यात जसा दिसतो तसाच ठेवला आहे.

आजी ६८ वर्षांच्या, वजन ४६ किलो. बारा वर्षांपासून बीपी आहे आणि त्यासाठी रोज सकाळी ५० मिलिग्रॅमची अटेनोलॉलची गोळी चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून मधूनमधून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेतात. शेजारच्या काकू ५४ वर्षांच्या, वजन ७२ किलो. त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना २ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड आणि ५०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी लिहून दिली आहे, रोज एक, सकाळी खाण्याबरोबर. गावात तिला सगळे "शुगरची गोळी" एवढंच म्हणतात.

सुरुवात झाली तपासणी शिबिरातून. आजींची बोटातल्या रक्ताची साखर १६२ आली. त्या दीड तासापूर्वी पोटभर जेवून आल्या होत्या. शिबिरात कागदावर आकडा लिहून "उपाशीपोटी पुन्हा तपासा" असं सांगितलं, पण आजींच्या लक्षात राहिला तो आकडा. संध्याकाळी ओट्यावर विषय निघाला. काकू म्हणाल्या, "आक्का, मलाबी सुरवातीला एवढीच हुती. दवाखान्यात कशाला शंभर-दोनशे घालवता? माझ्याकडची घ्या की, मला गुण आलाय तिनं." आणि कात्रीने पाकिटातून चार गोळ्या कापून दिल्या.

इथेच पहिली चूक झाली आणि ती गोळी तोंडात जायच्या आधीची आहे. जेवणानंतर दीड तासाने १६२ म्हणजे मधुमेह ठरत नाही. आठ तास उपाशी राहून साखर १२६ किंवा त्याहून जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, ६.५ किंवा जास्त, यांपैकी काहीतरी लागतं. शिवाय त्रास काहीच नसेल तर डॉक्टर एकाच रिपोर्टवर न थांबता पुन्हा खात्री करून घेतात. आजींना मधुमेह आहे की नाही हेच ठरलेलं नव्हतं. काकूंनी दिलेली गोळी ज्या आजारावर होती, तो आजार आजींना झालेलाच नव्हता.

पहिले दोन दिवस आजींनी सकाळी आठला गोळी घेतली आणि वर भाकरी-भाजी खाल्ली. अकराच्या सुमाराला कडकडून भूक लागली, थोडं गरगरलं, मग काहीतरी खाल्लं आणि बरं वाटलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, उलट "गोळी काम करतीय" असं काकूंना सांगितलं. तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. आजी चंद्र उगवेपर्यंत जेवत नाहीत. सकाळी आठला बीपीची गोळी आणि शुगरची गोळी दोन्ही चहाबरोबर घेतल्या, दहा वाजता एक केळं खाल्लं, त्यानंतर काही नाही.

दुपारी बाराला सुनेने पाहिलं तेव्हा आजींच्या कपाळावर घाम होता आणि चोळी पाठीला चिकटली होती. पंखा चालू होता. सुनेला वाटलं, उपासाचा थकवा. दोन वाजता आजी पडून होत्या आणि हाक मारली की "हं" एवढंच म्हणत होत्या. साडेतीनला त्या उठल्या, देवघरासमोर जाऊन बसल्या आणि समईत तेल घालायचं सोडून तांब्यातलं पाणी ओतू लागल्या. सून "आई, हे काय करताय?" म्हणाली तर तिच्यावर ओरडल्या. आजी कधी ओरडत नाहीत. बोलताना जीभ जड येत होती आणि उजवा हात लुळा वाटत होता. घरात एकच शब्द झाला: पॅरालिसिस.

हा घाम आणि हे विचित्र वागणं नीट समजून घेतलं पाहिजे. आपल्या मेंदूला साखर लागते आणि ती त्याला साठवून ठेवता येत नाही. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की शरीर आरडाओरडा सुरू करतं: हातपाय थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते, घाम फुटतो. ५४ च्या खाली गेली की मेंदूच उपाशी पडू लागतो. मग माणूस बरळतो, चिडतो, झोपाळू होतो, झटके येऊ शकतात, बेशुद्ध पडू शकतो. काहींच्या एका बाजूची ताकदही जाते, अगदी पक्षाघातासारखी. म्हणून वयस्क माणसाचं बोलणं अचानक जड झालं किंवा हात पडला तर १०८ ला फोन करायचाच, पण जवळ मशीन असेल तर गाडी येईपर्यंत बोटाची साखर पाहून घ्यायची.

आजींना थरथर आणि धडधड जाणवलीच नाही, कारण त्यांची बीपीची गोळी. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल या जातीच्या गोळ्या हृदयाचे ठोके शांत ठेवतात. तेच त्यांचं काम आहे. पण त्यामुळे साखर उतरल्यावर वाजणारी घंटाही झाकली जाते. फक्त घाम झाकला जात नाही. आजींच्या अंगावर चार तास तेवढीच एक खूण दिसत होती. काकूंना ही अडचण कधी आली नाही, कारण त्यांना बीपीची ती गोळी चालूच नव्हती.

आता गोळीकडे वळू. त्यातलं मेटफॉर्मिन एकटं असतं तर साखर एवढी सहसा उतरली नसती. ते मुख्यतः यकृतातून बाहेर पडणारी जादा साखर आवरतं. खरा घात ग्लिमेपिराइडचा. निरोगी शरीरात साखर उतरू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं थांबवतं. ग्लिमेपिराइड त्या पेशींना ढोसून इन्सुलिन सोडायला लावतं आणि साखर किती आहे याची ते फारशी वाट पाहत नाही. काकूंचं स्वादुपिंड थकलेलं, वजन जास्त, रोजचं जेवण वेळेवर, म्हणून २ मिलिग्रॅम त्यांना बरोबर बसतं. आजींचं स्वादुपिंड चांगलं होतं. चांगल्या स्वादुपिंडाला असं ढोसल्यावर ते भरपूर इन्सुलिन सोडतं, आणि त्या दिवशी पोटात होतं एक केळं आणि चहा. म्हणून ही गोळी खाण्याबरोबर घ्यायची असते. ज्यांना ती रीतसर चालू आहे त्यांनीही उपासाच्या दिवशी काय करायचं हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवायला हवं. डॉक्टर नवीन वयस्क रुग्णाला ती द्यायचीच ठरवली तर बहुतेक वेळा १ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. आजींची सुरुवातच दुपटीने झाली.

दुसरी गोष्ट आजींनाही माहीत नव्हती: त्यांची किडनी. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन १.६ निघालं. ६८ वर्षांच्या बाईमध्ये याचा अर्थ किडनीची गाळण्याची ताकद सुमारे ३५ उरली आहे, जी तरुण निरोगी माणसात ९० च्या वर असते. बारा वर्षांचं बीपी आणि वर दुखण्याच्या गोळ्या, दोन्हींचा त्यात वाटा असू शकतो. ग्लिमेपिराइड यकृतात मोडतं, पण त्याचा एक तुकडा स्वतःही साखर उतरवतो आणि तो लघवीवाटे बाहेर जावा लागतो. किडनी मंद असेल तर तो अंगात रेंगाळतो. शरीरात तयार झालेलं इन्सुलिन निकाली काढण्यातही किडनीचा हात असतो, तेही लांबतं. म्हणजे काकूंच्या अंगात एक दिवस चालणारी गोळी आजींच्या अंगात त्याहून जास्त वेळ राहिली, आणि तिसऱ्या दिवसाची गोळी आधीच्या दोन दिवसांच्या उरलेल्या असरावर चढली. किडनीची ताकद ४५ च्या खाली असताना मेटफॉर्मिनही नव्याने सुरू करत नाहीत. डॉक्टरांनी आजींना तपासलं असतं तर या गोळीतला एकही भाग या प्रमाणात लिहिला नसता.

चार वाजता सुनेने आशाताईंना बोलावलं. त्या उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना घेऊन आल्या. मशीनवर साखर ३८ आली. आजी अजून हाकेला डोळे उघडत होत्या आणि दिलेला घोट गिळत होत्या, म्हणून अर्धा पेला पाण्यात चहाचे चार सपाट चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ते २० ग्रॅम, विरघळवून बसवून थोडं थोडं पाजलं. पंधरा मिनिटांनी साखर ४९. पुन्हा तेवढंच द्यायला घेतलं तर आजींना ठसका लागला आणि मान पडली. तिथेच तोंडाने देणं थांबवलं. हा निर्णय अगदी बरोबर होता. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात साखरपाणी किंवा मध घातला तर तो फुफ्फुसात जातो. आजींना डाव्या कुशीवर वळवलं, १०८ आधीच निघाली होती.

(इथे एक बारीक पण कामाची गोष्ट. बऱ्याच तिहेरी गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज नावाचं औषध असतं. ते आतड्यात साखरेचं पचन लांबवतं. अशी गोळी घेतलेल्या माणसाला घरची साखर उशिरा लागू पडते. त्याला मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोजची पावडर द्यावी.)

ग्रामीण रुग्णालयात विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" सून म्हणाली, "फक्त बीपीची." ती खोटं बोलत नव्हती, तिला माहीतच नव्हतं. मधुमेह नसलेल्या बाईची साखर ३८ कशी होते, याचं उत्तर त्या एका वाक्यामुळे हातातून निसटलं. शिरेतून २५ टक्के ग्लुकोजचं १०० मिलिलिटर दिलं आणि दहा मिनिटांत आजी उठून "मला इथं कशाला आणलंय?" म्हणाल्या. साखर १७४. घरचे म्हणाले, आता बरी आहे, उपास सोडवायचा आहे, घरी नेतो.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सोडलं नाही. त्यांनी सुनेला पुन्हा पुन्हा विचारलं: शेजारची, सासऱ्यांची, आयुर्वेदिक, कुणाचीही गोळी? तेव्हा मुलाला आईच्या उशाखालची पुरचुंडी आठवली. घरून आणवली. त्यात एक गोळी उरली होती, पाकिटाच्या चौकोनी तुकड्यात. तो तुकडा हातात घेऊन पाहिला तर चंदेरी कागदावर "मेपि" एवढी अक्षरं आणि खाली तारखेतला नुसता शेवटचा आकडा. बाकीचं नाव कात्रीने काकूंकडच्या तुकड्यावर राहिलं होतं. मुलाने काकूंना फोन करून उरलेलं पाकीट वाचायला लावलं, तेव्हा कुठे औषध कळलं.

ते कळलं म्हणून पुढची रात्र निभावली. रात्री साडेदहाला, जेवण होऊनही, आजींची साखर पुन्हा ५१ झाली. या जातीच्या औषधात हे अनेकदा होतं. शिरेतून दिलेली साखर काही वेळातच संपते, गोळी मात्र अंगात असते, आणि वर चढलेली साखर पाहून ढोसलेलं स्वादुपिंड उलट आणखी इन्सुलिन सोडतं. म्हणून अशा रुग्णाला निदान २४ तास, किडनी मंद असेल तर त्याहूनही जास्त, दर तासा-दोन तासांनी साखर पाहत ठेवावं लागतं. आजींना १० टक्के ग्लुकोजची सलाइन रात्रभर चालू ठेवली. छत्तीस तासांनी सलाइन बंद करूनही साखर टिकली, मग घरी सोडलं. संध्याकाळी सहाला "बरी झाली" म्हणून नेलं असतं तर साखर दुसऱ्यांदा घरी, झोपेत उतरली असती. सगळे म्हणाले असते, दमून झोपल्यात.

प्रकरण इथे संपत नाही, कारण देणाऱ्याचंही काहीतरी जातं. काकूंच्या गोळ्या महिन्याच्या मोजून तीस. चार गेल्या, म्हणून महिन्याच्या शेवटचे चार दिवस त्या गोळीविना राहिल्या. मुलगा पुण्याहून एक तारखेला येतो, तोवर थांबल्या. दोन तारखेला तालुक्याला दाखवायला गेल्या तेव्हा उपाशीपोटी साखर २१० होती. गोळ्या चुकल्याचं सांगायला संकोच वाटला. डॉक्टरांनी समोरच्या आकड्यावरून गोळीची ताकद वाढवली. आता काकू वाढीव गोळी रोज, न चुकता घेणार, म्हणजे साखर उतरण्याचा धोका त्यांनाही लागला. अशा वेळी डॉक्टरांना "मध्ये चार दिवस गोळी नव्हती" एवढं एक वाक्य सांगणं वाढीव गोळीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. गोळी कुणाला दिली हे सांगायचं नसेल तर नका सांगू, चुकली एवढं सांगा.

सभेत हे सांगताना वीस मिनिटं पुरतात. सोबत तीन वस्तू घ्याव्यात: एक रिकामं पाकीट, कात्री आणि चहाचा चमचा. पाकीट सगळ्यांसमोर कापायचं आणि एकेक तुकडा हातोहात फिरवायचा. "वाचून सांगा, कशाची आहे?" बहुतेकांना सांगता येत नाही, आणि तारीख तर कुणालाच नाही. मग पूर्ण पाकीट दाखवायचं: डावीकडची लाल उभी रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, नावाखाली बारीक अक्षरात आत काय किती मिलिग्रॅम आहे ते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही लाल रेघ ओळखता येते. चमच्याने साखर मोजून दाखवायची, कारण "थोडी साखर द्या" म्हटलं की लोक चिमूटभर देतात.

बायकांमधून एक प्रश्न बहुधा येतो आणि तो खरा आहे: "शेजारीण दारात आली, मागतीय, नाही कसं म्हणायचं?" गावात गोळी नाकारणं म्हणजे मीठ नाकारल्यासारखं वाटतं. त्याला उपदेश करून उत्तर मिळत नाही, दुसरं काहीतरी देऊ करावं लागतं. "गोळी नाही देत आक्का, पण उद्या सकाळी उपाशीपोटी तुमच्यासंगं उपकेंद्रात येते" हे वाक्य सभेत दोघींना उभं करून बोलून घ्यावं. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तीस वर्षांवरच्या माणसाची बीपी आणि साखर मोफत तपासतात आणि गरज पडली तर ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणंही करून देतात. आजींनी असं केलं असतं तर गोळीची वेळच आली नसती. पुढे त्यांची एचबीए१सी ६.० आली. ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पायरी आहे, तिच्यावर या गोळीची गरज नाही. त्यांना गोड आणि भात कमी, रोज चालणं आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली. दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या आणि किडनीसाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली.

पुरुषांमधून येतो तो दुसरा प्रश्न: "आम्हा दोघा नवरा-बायकोला शुगरच आहे, मग एकमेकांची घेतली तर?" उत्तर तेच आहे. वर दोन बायकांच्या वजनात, किडनीत, दुसऱ्या गोळ्यांत आणि जेवणाच्या वेळांत जो फरक होता, तो एका घरातल्या दोघांतही असतो. दोघांचे डबे वेगळे, झाकणावर नाव, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या डब्याला रंगीत दोरा. एकाची गोळी संपली तर दुसऱ्याच्या डब्यातून न काढता चिठ्ठी घेऊन मेडिकलला जावं. महिन्याच्या शेवटच्या सात गोळ्या उरल्या की आठवण राहावी म्हणून शेवटून सातव्या गोळीवर पेनाने खूण केली तर चार दिवसांचा खंड पडत नाही.

आणि डॉक्टरांनी बदलल्यामुळे उरलेल्या जुन्या गोळ्या? वाटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते, कारण पैसे मोजलेली वस्तू टाकवत नाही. न फोडलेलं पूर्ण पाकीट बिलासह मेडिकलवाला परत घेतो का ते आधी विचारावं. नाही घेतलं तर गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या ओल्या चहापत्तीत किंवा राखेत कालवाव्यात, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकाव्यात, लहान मुलांच्या आणि गुराढोरांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा बेताने. रिकाम्या पाकिटावरचं नाव पेनाने खोडावं.